कुत्र्यावर एक, भिंतीत हजार

जुलैच्या पहिल्या आठवड्यात राणीच्या कानामागून हात फिरवताना बोटाला काहीतरी गुळगुळीत, फुगीर लागलं. राणी म्हणजे आमची सोळा किलोची गावठी कुत्री. केस बाजूला करून पाहिलं तर एरंडाच्या बीसारखं राखाडी काहीतरी कातडीला घट्ट चिकटलेलं होतं. (एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच गोचीड. बी आणि रक्त पिऊन टम्म झालेली गोचिडाची मादी यांच्यात इतकं साम्य आहे की नाव ठेवणाऱ्यालाही राहवलं नसावं.) आई म्हणाली, "रॉकेलचा बोळा लाव, आपोआप सुटतो." मी बोळाही लावला नाही आणि नीट काढलाही नाही. नखांनी धरून उपटला, गॅलरीच्या फरशीवर टाकला आणि चपलेनं चिरडायला गेलो, तोवर तो कुंड्यांच्या मागे पसार झाला होता. त्या एका क्षणाची किंमत आम्ही दिवाळीपर्यंत मोजत होतो.

आपल्याकडे घरातल्या कुत्र्यांवर जो गोचीड सर्रास सापडतो तो तपकिरी कुत्रा-गोचीड. जंगलातले किंवा गोठ्यातले गोचीड माणसाच्या घरात फार काळ तग धरत नाहीत, पण हा धरतो. त्याला गवत लागत नाही, दमट पालापाचोळा लागत नाही. भिंतीची भेग, पडद्याची वरची शिवण, दाराच्या चौकटीमागची फट एवढं त्याला पुरतं. आयुष्यात तो तीन वेळा कुत्र्यावर चढतो आणि तीन वेळा उतरतो. अंड्यातून बाहेर पडतं ते खसखशीहून बारीक, सहा पायांचं पिल्लू. ते काही दिवस रक्त पिऊन खाली पडतं, कात टाकतं, आठ पायांचं होतं. मग पुन्हा चढतं, पुन्हा पितं, पुन्हा पडतं आणि दुसऱ्यांदा कात टाकून पूर्ण वाढीचा गोचीड होतं. तिसऱ्या खेपेला मादी आठवडाभर किंवा त्याहून जास्त रक्त पिते, स्वतःच्या आकाराच्या कितीतरी पट फुगते आणि कुत्र्यावरून सुटून एखादी फट शोधते. तिथे ती चार हजारांपर्यंत अंडी घालते आणि मरते.

म्हणजे गोचिडाचं बहुतेक आयुष्य कुत्र्यावर जातच नाही, घरात जातं. उपाशी असताना तो महिनोन्‌महिने वाट पाहत बसू शकतो आणि त्याची खोड जमिनीवर बसण्याची नाही, वर चढण्याची आहे. म्हणून गोचीड झालेल्या घरात ते छताजवळ, पडद्याच्या दांडीपाशी, पंख्याच्या वायरच्या पट्टीमागे सापडतात. आमच्या घरी दिवाणखान्याच्या पडद्यावर तीन ठिपके दिसले तेव्हा मला ते पडद्याच्या नक्षीतलेच वाटले होते.

काढायचा कसा, याआधी गोचीड चिकटतो कसा ते पाहू. त्याच्या तोंडाशी एक बारीक सोंड असते आणि तिच्यावर मागे वळलेले काटे असतात. ती कातडीत रुतवल्यावर तो भोवती सिमेंटसारखा चिकट पदार्थ सोडतो आणि तो पदार्थ घट्ट होतो. त्यामुळे तो गळाला अडकलेल्या माशासारखा पकडीत असतो, फक्त इथे गळ त्याच्याच तोंडाला आहे. पोट मात्र मऊ पिशवी. त्या पिशवीत कुत्र्याचं रक्त असतं, लाळ असते आणि गोचीड रोगी असेल तर त्या रोगाचे जंतूही असतात. काढताना पिशवी दाबली गेली, तर ज्या बाजूला भोक आहे त्या बाजूलाच ते सगळं ढकललं जाण्याची शक्यता वाढते. सारी युक्ती या एका गोष्टीवर उभी आहे. ओढायची ती सोंड, पोटाला हात लावायचा नाही.

नखांनी नेमकं उलटं होतं. भुवया कोरायचा रुंद, बोथट चिमटाही तेच करतो, कारण तो कातडीलगत बसतच नाही, पोटाला पकडतो. हवा तो टोकदार, बारीक तोंडाचा चिमटा, जो घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसा. औषधाच्या दुकानात किंवा पाळीव प्राण्यांच्या दुकानात प्लास्टिकचा हुकही मिळतो. त्याला हातोडीच्या मागच्या बाजूला खिळा उपटायला असते तशी खाच असते.

आमच्या डॉक्टरबाईंनी दाखवलेली पद्धत सांगतो. आधी हातात हातमोजे, नसतील तर प्लास्टिकची पिशवी. कुत्र्याला उजेडात बसवायचं आणि एकानं त्याचं डोकं धरायचं. केस दोन्ही बाजूंना सारून गोचिडाचं तोंड कातडीला जिथे मिळतं ती जागा नीट दिसू द्यायची. चिमट्याची टोकं कातडीला टेकवून तोंडाजवळ धरायचं आणि सरळ वर, एकसारख्या जोरानं ओढायचं. झटका द्यायचा नाही, पिळायचं नाही. कातडी तंबूसारखी वर येते. तसंच ताणून धरलं की थोड्या वेळात पकड सुटते. घाई केली तर तोंड तुटतं. हुकाची रीत वेगळी. खाच गोचिडाच्या खालून कातडीलगत सरकवायची आणि हुक एकाच दिशेनं फिरवत राहायचा, चार-पाच वेढ्यांत तो सुटून येतो. चिमट्यानं ओढायचं आणि हुकानं फिरवायचं, या दोन रीती एकमेकींत मिसळल्या की गोंधळ होतो.

रॉकेल, तेल, व्हॅसलीन, नेलपॉलिश, विझवलेली काडी या सगळ्यांमागे कल्पना एकच की गोचिडाला गुदमरवलं किंवा चटका दिला तर तो स्वतः सुटेल. पण गोचिडाला श्वास घ्यायची आपल्यासारखी घाई नसते. तो तासन्‌तास तसाच राहतो आणि त्रास झाला की लाळ जास्त सोडण्याचा धोका असतो. म्हणजे जे टाळायचं तेच आपण घडवून आणतो. काडीनं तर कुत्र्याचे केस पेटतात. आईला हे पटवायला वेळ लागला. तिच्या माहेरी गाईच्या कासेवरचे गोचीड असेच काढायचे.

तोंड आत तुटून राहिलं तर? राणीच्या कानामागे तसंच झालं आणि मी सुई घेऊन बसलो. डॉक्टरबाईंनी सुई काढून घेतली. तुटलेलं तोंड म्हणजे लहान काटा. तो खोदून काढताना जखम मोठी होते आणि तिथूनच पू होतो. सोडून दिलं तर शरीर तो स्वतःच बाहेर ढकलतं. दोन आठवडे मुगाएवढी गाठ राहते, मग जिरते. गाठ वाढत गेली, गरम लागली, पाणी येऊ लागलं, तरच दाखवायचं. गोचीड निघाल्यावर ती जागा साबण-पाण्यानं किंवा जंतुनाशकानं पुसायची, हात धुवायचे. गोचिडाला चिरडायचं नाही, बेसिनमध्येही टाकायचं नाही, कारण पाण्यात तो बराच वेळ जिवंत राहतो. एका झाकणाच्या बाटलीत थोडं स्पिरिट किंवा सॅनिटायझर ठेवावं आणि त्यातच टाकावा. हाताशी काही नसेल तर चिकटपट्टीत दुमडावा.

चिरडू नका, हे निव्वळ किळसेपोटी नाही. २०११ साली गुजरातमध्ये क्रिमियन-काँगो तापाचे रुग्ण सापडले आणि भारतात हा रोग पहिल्यांदा निश्चित झाला. तो मुख्यतः जनावरांवरच्या हायलोमा नावाच्या गोचिडांमुळे पसरतो आणि बाधित गोचीड उघड्या हातानं चिरडणं हा तो लागण्याचा एक रस्ता आहे. आपल्या घरातल्या कुत्रा-गोचिडाचा तो रोग नव्हे, पण गोठ्यात काम करणाऱ्याला हाताखाली नेमका कोणता गोचीड आहे हे कुठे ठाऊक असतं? सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आणि गोव्याच्या सत्तरीत २०१६च्या आसपास माकडतापानं माणसं दगावली तेव्हा तिकडे गोचिडाबद्दल जी धास्ती बसली, ती जंगलातल्या वेगळ्या गोचिडाची होती. काजूच्या बागेतून किंवा जंगलातून आल्यावर स्वतःचं अंग तपासायचं, गोचीड सापडला तर वर सांगितलेल्याच पद्धतीनं काढायचा आणि पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना त्याबद्दल आवर्जून सांगायचं.

आणखी एक गंमत, म्हणजे तेव्हा गंमत नव्हती. राणीच्या पोटावर मला 'चार गोचीड' सापडले आणि चिमटा लावल्यावर ती कळवळली. ती तिची स्तनाग्रं होती. नर कुत्र्यालाही ती असतात आणि चामखीळही गोचिडासारखीच दिसते. चिमटा लावण्याआधी बॅटरी मारून पाय मोजावेत. पाय दिसले नाहीत तर ओढू नये. शोधायच्या जागा ठरलेल्या: कानाच्या आत आणि मागे, पापण्यांभोवती, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी आणि बोटांच्या बेचक्यात. बेचक्यातले बहुतेकांच्या नजरेतून सुटतात.

या सगळ्यात कुत्र्याला खरा धोका असतो तो एर्लिकियाचा. त्यालाच लोक 'गोचीड ताप' म्हणतात. हा जंतू पांढऱ्या पेशींत शिरतो आणि रक्तातल्या प्लेटलेट कमी होत जातात. चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी कुत्रं जेवण टाळतं, तापतं, सुस्त होतं, हिरड्या फिक्या पडतात. पोटावर लाल ठिपके येतात, कधी नाकातून रक्त येतं. वेळेवर रक्त तपासलं तर डॉक्सिसायक्लिन हे औषध साधारण चार आठवडे देऊन बहुतेक कुत्री बरी होतात. उशीर झाला तर अस्थिमज्जा थकते आणि मग औषध फारसं काही करू शकत नाही. पुढे तीन प्रकारच्या औषधांची तुलना करताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची. एर्लिकिया चिकटलेल्या गोचिडाकडून काही तासांतच कुत्र्यात जाऊ शकतो. बबेसिया नावाच्या दुसऱ्या रोगाला मात्र साधारण दोन-तीन दिवस लागतात. तेव्हा रोज संध्याकाळी अंग तपासून गोचीड काढल्यानं बबेसियाची वाट बरीचशी अडते, एर्लिकियाची पूर्ण नाही.

आता औषधं. दुकानात ती तीन रूपांत मिळतात. मानेवर ओतायचे थेंब, गळ्यातला पट्टा आणि चघळायची गोळी. दुकानदार किंमत आणि किती दिवस टिकतं एवढंच सांगतो. मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळा प्रश्न: हे औषध गोचिडाला चावण्याआधी गाठतं की चावल्यानंतर?

थेंबांपासून सुरुवात करू. लहान प्लास्टिकच्या नळीत औषध असतं, ते खांद्यांच्या मधोमध, जिथे कुत्र्याची जीभ पोचत नाही, केस बाजूला करून थेट कातडीवर ओतायचं. केसांवर ओतलं तर अर्धं वाया. बहुतेक नळ्यांत फिप्रोनिल असतं. ते कातडीच्या तेलकट थरातून एक-दोन दिवसांत अंगभर पसरतं, तेलग्रंथींत साठतं आणि हळूहळू बाहेर येत राहतं. गोचीड अंगावर फिरताना त्याच्या संपर्कात येतो आणि बहुधा दोन दिवसांत मरतो. पण तो पळवून लावणारं औषध नाही. चावायला त्याला वेळ मिळू शकतो. दुसरा प्रकार पर्मेथ्रिनचा. त्याचा स्पर्श झाला की गोचिडाला पाय पोळल्यासारखं होतं आणि बऱ्याचदा तो चावण्याआधीच गळून पडतो. एर्लिकियासाठी ही मोठी जमेची बाजू.

पण पर्मेथ्रिनचा मोठा दोष असा की मांजराचं शरीर ते पचवून बाहेर टाकू शकत नाही. कुत्र्याची नळी मांजरावर ओतली किंवा नुकतंच औषध लावलेल्या कुत्र्याला मांजरानं चाटलं तरी त्याला थरथर आणि झटके येऊन ते मरू शकतं. घरात मांजर असेल तर पाकिटावर पर्मेथ्रिन लिहिलं आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चुकून लागलंच तर भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात धुवायचं आणि धावत डॉक्टरकडे जायचं. फिप्रोनिलचं असंच वैर सशांशी आहे.

थेंबांचा दुसरा दोष आपल्या हवेत जास्त जाणवतो. लावण्याआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही, आणि पुढेही वारंवार शाम्पू नको, कारण ज्या तेलाच्या थरात औषध राहतं तोच थर शाम्पू काढून टाकतो. आम्ही पहिल्यांदा हेच थेंब आणले. जुलैच्या पाच तारखेला ओतले आणि सहा तारखेला राणी मैदानातल्या चिखलात लोळून आल्यावर तिला शाम्पू लावून धुतलं. पुढेही दर रविवारी धुतलं. महिनाअखेरीस गोचीड पुन्हा दिसू लागले तेव्हा मी औषधाला दोष देत होतो.

पट्टा ही बहुतेकांची आवडती गोष्ट, कारण एकदा बांधला की विसरता येतो. इथेच फसवणूक सर्वांत जास्त. शंभर-दीडशे रुपयांत मिळणाऱ्या, नुसत्या वासाच्या पट्ट्यांवर आत काय आहे हेच लिहिलेलं नसतं. खऱ्या पट्ट्यावर औषधाचं नाव आणि प्रमाण असतं. त्यांतला एक प्रकार फ्लुमेथ्रिन आणि इमिडाक्लोप्रिड असलेला, तो आठ महिन्यांपर्यंत काम करतो. दुसरा डेल्टामेथ्रिनचा, साधारण पाच-सहा महिने. दोन्ही औषधं पट्ट्यातून थेंबे थेंबे सुटून कातडीवर पसरतात आणि गोचिडाला चावण्याआधीच पळवतात किंवा मारतात. कामाला लागायला त्यांना दोन दिवस ते आठवडा लागतो. म्हणून बांधताना अंगावर असलेले गोचीड हातानं काढावे लागतात.

पट्टा सैल बांधला तर त्याचा काही उपयोग नाही. तो केसांवर न लोंबकळता कातडीला टेकला पाहिजे, खाली दोन बोटं जेमतेम मावतील इतपत, आणि उरलेलं टोक कापून टाकायचं, नाहीतर कुत्रं ते चघळतं. दर आठवड्याला पोहणारी कुत्री, सतत ओली राहणारी कुत्री यांच्यावर तो लवकर फिका पडतो. घरात लहान मूल कुत्र्याच्या गळ्यात पडत असेल तर मी पट्टा टाळतो. आमच्याकडे तीन वर्षांची नात आहे आणि राणीच्या मानेवर गाल ठेवून झोपणं हा तिचा दुपारचा कार्यक्रम आहे. अमिट्राझ असलेला पट्टा तर कुत्र्यानं खाल्ला तर विषबाधा होते आणि मधुमेही कुत्र्याला तो देऊच नये.

गोळीचं औषध वेगळ्या घराण्यातलं आहे. अफॉक्सोलॅनर, फ्लुरालॅनर, सॅरोलॅनर आणि लोटिलॅनर ही त्यांतली नावं. पहिली दोन २०१३-१४च्या सुमारास बाजारात आली. ही गोळी पोटातून रक्तात जाते आणि गोचीड रक्त पितो तेव्हा त्याच्या मज्जातंतूंना आवर घालणारे दरवाजे बंद पाडते. मज्जातंतू आवराबाहेर पेटत राहतात आणि तो मरतो. सस्तन प्राण्यांतल्या तशाच दरवाजांवर तिचा परिणाम फार कमी होतो, म्हणून ती कुत्र्याला देता येते. अफॉक्सोलॅनर, सॅरोलॅनर, लोटिलॅनर महिनाभर पुरतात, फ्लुरालॅनर जवळजवळ बारा आठवडे. फ्लुरालॅनर जेवणाबरोबरच द्यावी, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. आंघोळीचा, पावसाचा, पोहण्याचा तिला काही फरक पडत नाही. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात माझ्या मते हाच निर्णायक मुद्दा ठरतो.

दोष असा की गोचीड चावल्याशिवाय तो मरत नाही. चावून मरायला त्याला काही तास ते दोन दिवस लागतात. बबेसियाला हे पुष्कळदा पुरेसं आड येतं, एर्लिकियाला दरवेळी नाही. दुसरं, सप्टेंबर २०१८मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं या घराण्याबद्दल सूचना काढली की काही कुत्र्यांना थरथर, तोल जाणं आणि झटके येऊ शकतात. बहुतेकांना काहीच होत नाही, फार तर एखादी उलटी किंवा एक दिवस सुस्ती. पण आधी फिट आलेली कुत्री असेल तर डॉक्टरांना ते गोळीआधी सांगायचं. वजन आणि वयाची मर्यादा प्रत्येक गोळीच्या पाकिटावर वेगळी असते. गोळी कुत्र्याच्या वजनाच्या गटाचीच हवी. मोठ्या कुत्र्याची गोळी मोडून दोन लहान कुत्र्यांना देण्याचा हिशेब चालत नाही. वजन घरीच काढता येतं: कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करायची. राणीच्या बाबतीत ती वजाबाकी सोळा निघाली. मला वाटत होतं वीस.

आता आमच्याच घरचा हिशेब मांडतो, कारण कुठलं औषध निवडायचं ते त्यातूनच कळलं. जुलैच्या सुरुवातीला जी मादी कुंड्यांमागे गेली, तिनं तीन-चार दिवसांत अंडी घालायला सुरुवात केली असणार. पावसाळ्याच्या उबदार हवेत ती अंडी जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला फुटली. म्हणजे राणीवर 'पुन्हा' दिसलेले ते पहिल्या मादीची पिल्लं होती, थेंबांतून वाचलेले जुने गोचीड नव्हेत. ती पिल्लं रक्त पिऊन पडणार, कात टाकणार, ऑगस्टअखेरीस पुन्हा चढणार, सप्टेंबरमध्ये तिसऱ्यांदा. अंड्यापासून पुढच्या अंड्यापर्यंत सारा फेरा दोन ते तीन महिन्यांचा. महिनाभर टिकणारं औषध एकदा देऊन 'गेले वाटतं' म्हणून थांबणं म्हणजे फेऱ्याच्या मध्यावर दार उघडं ठेवणं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "घरातले सगळे गोचीड तुम्ही शोधू शकणार नाही, पण त्यांना राणी शोधता येते. मग राणीलाच सापळा करा." घरात वाट पाहणाऱ्या प्रत्येक गोचिडाला तीनदा तिच्यावर चढावं लागतं. तीन महिने तिच्या रक्तात सतत औषध राहिलं तर जो चढेल तो मरेल आणि नवी अंडी पडणार नाहीत. ऑगस्टच्या तीन तारखेला तिला पुरणपोळीच्या तुकड्यात नव्हे (तसा माझा विचार होता), रात्रीच्या जेवणाबरोबर बारा आठवड्यांची गोळी दिली. तीच मुदत महिन्याच्या तीन गोळ्या न चुकवता देऊनही साधली असती, पण आमच्या घरातल्या माणसांच्या आठवणीवर माझा विश्वास नाही.

चौथ्या दिवशी राणीच्या अंगावर वाळलेले, चपटे गोचीड लोंबत होते आणि आईनं निष्कर्ष काढला की गोळी फसली. खरं तर ती लागू पडली होती. मेलेला गोचीड लगेच पडतोच असं नाही, तोंडाचं सिमेंट त्याला धरून ठेवतं. तो हलकेच काढायचा. पुढेही सप्टेंबरपर्यंत रोज एखादा जिवंत, सपाट, तपकिरी गोचीड तिच्यावर फिरताना सापडायचा. तोही फसल्याचा पुरावा नव्हे, तो भिंतीतून नुकताच चढलेला असतो. औषध फसलं हे ओळखायचं ते राखाडी फुगवट्यावरून. गोळी दिल्यावर दोन दिवसांनंतरही एरंडाच्या बीएवढी, जिवंत मादी सापडत राहिली तर एकतर गोळी उलटून पडली, वजनाचा गट चुकला, किंवा तुमच्या भागातले गोचीड त्या औषधाला सरावले आहेत. पर्मेथ्रिन-डेल्टामेथ्रिनसारख्या जुन्या औषधांना सरावलेले गोचीड भारतात आढळले आहेत. तेव्हा दोन औषधं एकावर एक न चढवता, बाटलीतले गोचीड घेऊन डॉक्टरकडे जावं.

सापळ्याबरोबर घरही हाताळावं लागलं. राणीची गादी गरम पाण्यात, पडदे धुतले, चौकटीच्या फटी भरून घेतल्या, व्हॅक्यूमचं तोंड फरशीच्या कडांवर आणि छताच्या कोपऱ्यांवर फिरवलं आणि त्याची पिशवी लगेच बांधून बाहेर टाकली. किटकनाशकाची फवारणी एकदा बाहेरच्या माणसाकडून करून घेतली, राणीला आणि नातीला दिवसभर मावशीकडे पाठवून. फवारणीचं किंवा गोठ्यातलं पातळ करायचं औषध कुत्र्याच्या अंगावर ओतायचं नाही. गाईसाठी असलेलं अमिट्राझ किंवा सायपरमेथ्रिन 'अंदाजानं' पाण्यात मिसळून कुत्र्याला आंघोळ घालण्याची रीत गावाकडे आहे आणि लाळ गाळत, थरथरत दवाखान्यात येणारी कुत्री डॉक्टरबाईंनी त्यातूनच पाहिली आहेत.

म्हणून कुठलं चांगलं या प्रश्नाला मी एकच उत्तर देत नाही. फिट येणारं कुत्रं असेल तर पट्टा. एर्लिकिया आधी झालेला असेल, कुत्रं बागेत किंवा शेतावर हिंडत असेल आणि घरात मांजर नसेल, तर चावण्याआधी पळवणारं काहीतरी, थेंब किंवा पट्टा. दर आठवड्याला आंघोळ घालायची सवय सुटणार नसेल तर गोळी. आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी बसणाऱ्या दोन भटक्या कुत्र्यांनाही आम्ही शेवटी गोळीच दिली. पट्टा त्यांच्या भांडणात तुटला असता आणि थेंब लावायला कोण पकडणार? डॉक्टरबाईंनी अंदाजे वजन पाहून गट ठरवला आणि चिकनच्या तुकड्यातून ती गोळी गेली. गोचीड फाटकातूनच तर आमच्या जिन्यावर यायचे.

राणीची दुसरी गोळी ऑक्टोबरअखेरीस होती. कॅलेंडरवर तारखेभोवती लाल गोल केला होता. तो दिवाळीच्या गडबडीत चार दिवस कुणालाच दिसला नाही. पाचव्या दिवशी आई पडदा सरकवताना थबकली, चष्मा लावला आणि दांडीपाशी काहीतरी बारकाईनं पाहिलं. मग तिनं मला न हाकारता स्वतःच स्पिरिटची बाटली आणि चिमटा आणला.